नालीसाठी कोणते हातमोजे?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमच्या गल्लीतली नाली उपसणाऱ्या मावशींकडे दोन जोड्या आहेत: कोपरापर्यंतचे जाड पीव्हीसीचे मोजे आणि तळव्यावर नायट्राइलचा थर असलेले विणीचे.

सुका-ओला एकत्र आलेला कचरा निवडताना विणीचेच बरे. पकड चांगली बसते. पण त्यांची पाठ उघड्या विणीची असते. नालीत हात घातला की घाण पाणी आत झिरपतं आणि दिवसभर कातडीला चिकटून राहतं. मावशींच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या त्यातूनच झाल्या. तिथे पीव्हीसीच हवेत, तेही पाणी कोपराखाली असेपर्यंत.

पीव्हीसीला भोक पडलं तर दिसत नाही. म्हणून रोज सकाळी मोज्यात हवा कोंडायची, तोंड पिळून बादलीत दाबायचं. बुडबुडे आले, तर तो मोजा बाद.

सुई मात्र दोन्हींतून आत जाते. पाकिटावरचा भोसकणं रोखण्याचा आकडा सहसा बोथट टोकाने मोजलेला असतो, इंजेक्शनच्या सुईने नव्हे. म्हणून गाळ हाताने चाचपायचा नाही; फावड्याने काढायचा, चिमट्याने निवडायचा. सुई टोचलीच, तर वाहत्या पाण्यात साबणाने धुवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.