वर्षाचा गहू एकदम भरावा की महिन्याला आणावा?

चार माणसांच्या घराला महिन्याला 20 किलो गहू लागतो असं धरू, म्हणजे वर्षाला 240 किलो. हंगामात एकदम घेतला तर भाव कमी पडतो, एवढंच पाहून बरेच जण पिंप भरून मोकळे होतात. पण अडकलेल्या पैशाचं व्याज, साठवणीच्या भांड्यांचा खर्च आणि किडीने खाल्लेलं धान्य वजा केल्याशिवाय खरा फायदा कळत नाही.

आधी पैसा. दरमहा घेतला तर वर्षाचा खर्च 100 आणि हंगामात तोच गहू 90 ला, असं समजू. पहिल्या महिन्याचे 20 किलो काही झालं तरी आजच घ्यायचे असतात. शेवटच्या महिन्याच्या गव्हाचे पैसे मात्र 11 महिने आधीच देऊन टाकलेले असतात. सरासरी काढली तर सगळी रक्कम साडेपाच महिने अडकते. पैसे बचतीतले असतील आणि त्यांवर वर्षाला 7 टक्के व्याज मिळत असेल, तर बुडालेलं व्याज साधारण 3 होतं. भांडी बरीच वर्षं टिकतात, त्यांचा वर्षाचा वाटा 2 धरू. म्हणजे हातात 5 राहिले. हेच पैसे 24 टक्क्यांनी उसने आणले असतील, तर व्याजच 10 होतं आणि भावात वाचलेलं सगळं त्यातच जातं. म्हणून कर्ज काढून वर्षाचं धान्य भरू नये, असं माझं ठाम मत आहे. अडीअडचणीसाठी ठेवलेली रक्कमही त्यात घालू नये, कारण ऐन वेळी गहू विकून तेवढे पैसे परत येत नाहीत.

राहिलेले 5 खरोखर पदरात पडतात का, ते किडीवर अवलंबून. सोंडकिड्याची मादी दाण्याला बारीक भोक पाडून आत अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते. त्यामुळे वरून स्वच्छ दिसणारा गहूही आतून लागलेला असू शकतो. उबदार हवेत अंड्यापासून किडा बाहेर पडायला महिना-सव्वा महिना लागतो. महिन्याला आणणाऱ्याचं धान्य बहुतेक वेळा तोवर संपतं. वर्षाच्या साठ्यात मात्र एकामागून एक पिढ्या वाढत जातात. 240 किलोंतले 7 किलो वाया गेले, तरी त्या पाचांतले 3 गेले.

पहिल्या वर्षी मी सगळा गहू एकाच मोठ्या पिंपात भरला होता. वरचा थर छान दिसत होता. चौथ्या महिन्यात हात कोपरापर्यंत आत घातला, तर मधला गहू कोमट लागला. मूठभर काढून ताटात पसरला, तेव्हा गोल भोकं पडलेले दाणे आणि पांढरट भुकटी दिसली. किडे श्वास घेतात त्याची ती ऊब असते. किडे वर दिसू लागण्याआधी ती हाताला कळते.

चूक रोज उघडल्या जाणाऱ्या एकाच पिंपाची होती. आता मी 30 किलोंची आठ हवाबंद भांडी काठोकाठ भरते आणि एका वेळी एकच उघडते. बंद भांड्यातला प्राणवायू किडे स्वतःच वापरून संपवतात आणि गुदमरून मरतात. झाकण सारखं उघडलं, की हा उपाय फुकट जातो.

पण गहू ओलसर असेल तर हवाबंद भांड्यात तो कुबट होतो, बुरशी धरतो. तपासायला कोरड्या काचेच्या बरणीत थोडं कोरडं मीठ आणि गहू घालून मिनिटभर हलवा, मग पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल साधारण 15 टक्क्यांच्या वर आहे. चिकटलं नाही म्हणून लगेच भरू नका, कारण वर्षभरासाठी ओल 12 टक्क्यांच्या आत हवी. पातळ थर पसरून दोन-तीन कडक उन्हं द्या आणि पूर्ण गार झाल्यावरच भरा. गरम गहू भरला तर झाकणाच्या आत पाणी साचतं. भांडी लाकडी फळीवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या मात्र घरात कधीही वापरू नका. त्यांतून निघणारा वायू माणसांचाही जीव घेतो.

कोरडी जागा नसेल, वाळवायला ऊन नसेल किंवा भावातला फरक पाच टक्क्यांच्या आत असेल, तर महिन्याला आणणंच परवडतं. अख्खी कडधान्यं मी तीन महिन्यांपेक्षा जास्त भरत नाही. त्यांच्यावरचा भुंगेरा दाण्याच्या सालीवर अंडी घालतो. ते पांढरे ठिपके डोळ्यांनी दिसतात, म्हणून घेतानाच मूठभर दाणे उजेडात धरून पाहावेत. पीठ आणि रवा तर महिन्याचाच बरा.