वीस वर्षं जुनी पॉलिसी सरेंडर करायला लावली, त्याचा हिशेब

माझी थोरली बहीण सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. मार्च २००३ मध्ये तिने पाच लाखांची एन्डोमेंट पॉलिसी घेतली होती. मुदत २५ वर्षं, हप्ता वर्षाला २०,००० रुपये. मार्च २०२३ मध्ये तिच्या पगाराच्या बँकेतल्या एका अधिकाऱ्याने तिला ती पॉलिसी सरेंडर करायला, म्हणजे मुदतीआधीच मोडून पैसे घ्यायला लावली आणि आलेल्या पैशांतून दुसऱ्या कंपनीची नवी पॉलिसी तिच्या गळ्यात मारली. नव्या पॉलिसीचे पैसे बरंच भांडून परत मिळाले, पण जुनी पॉलिसी गेली ती गेलीच. अशी जुनी पॉलिसी आज हजारो घरांत कपाटात पडून आहे आणि तिच्यामागे माणसं लागलेली आहेत, म्हणून हे सगळं आकड्यांसकट लिहितोय.

त्या अधिकाऱ्याचं म्हणणं ऐकायला अगदी पटण्यासारखं होतं. "मॅडम, या पॉलिसीत तुम्हाला जेमतेम साडेपाच टक्के सुटतायत. एफडीसुद्धा सात टक्के देते. पैसे कशाला सडवताय?" यातला साडेपाच टक्क्यांचा आकडा खोटा नव्हता. पंचवीस वर्षं दरसाल वीस हजार भरून शेवटी पावणेअकरा लाखांच्या आसपास मिळणार असतील, तर परतावा तेवढाच पडतो. मग त्याने सरेंडरची रक्कम काढून दाखवली: ५,५९,००० रुपये. "चार लाख भरलेत, साडेपाच लाखांच्या वर मिळतायत, म्हणजे तुम्ही फायद्यातच बाहेर पडताय." हेही खरं. दोन खऱ्या आकड्यांवर ताईने सही केली.

फसवणूक होती ती न मांडलेल्या तिसऱ्या आकड्यात. वीस वर्षांत सरासरी काय सुटलं हा प्रश्न मार्च २०२३ मध्ये कामाचाच नव्हता. ती वर्षं भोगून झाली होती. प्रश्न एवढाच होता, की आज हातात येणारे ५,५९,००० रुपये सोडले आणि पुढची पाच वर्षं वीस-वीस हजार भरले, तर मार्च २०२८ मध्ये किती मिळतील?

त्यासाठी ही पॉलिसी आतून कशी चालते ते पाहायला हवं. नफ्यात सहभागी असलेल्या एन्डोमेंटमध्ये कंपनी दरवर्षी विमा रकमेच्या हजारामागे अमुक रुपये बोनस जाहीर करते. ताईच्या पॉलिसीत तो सरासरी ४६ रुपये धरला, तर पाच लाखांवर वर्षाला २३,००० होतात आणि वीस वर्षांचे ४,६०,०००. हा बोनस पॉलिसीच्या नावावर जमा होत जातो, पण पूर्ण हातात पडतो तो मुदत संपल्यावर किंवा मृत्यूनंतर. त्याच्यावर चक्रवाढ नसते, म्हणून तर एकूण परतावा कमी दिसतो.

मधेच सरेंडर केली की आधी विमा रक्कम भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात कापतात. पंचविसातले वीस हप्ते भरले, म्हणून पाच लाखांचे चार लाख झाले. याला पेड-अप रक्कम म्हणतात. त्यात जमलेला बोनस मिळवला की ८,६०,००० होतात, आणि या बेरजेला सरेंडरचा फॅक्टर लावतात. मुदत संपायला जितकी जास्त वर्षं उरलेली, तितका फॅक्टर लहान. ताईच्या वेळी तो ६५ टक्के होता, म्हणून ५,५९,०००. म्हणजे तिच्या नावावर जमलेल्या रकमेतले ३,०१,००० रुपये पाच वर्षं आधी बाहेर पडल्याबद्दल कापले गेले. थांबली असती तर ही कपात झालीच नसती. जुन्या पॉलिसीची शेवटची वर्षं सगळ्यात कसदार असतात ती याच कारणाने.

आता पुढचा हिशेब. चालू ठेवली असती तर २०२८ मध्ये पाच लाख विमा रक्कम आणि पंचवीस वर्षांचा बोनस ५,७५,०००, असे १०,७५,००० रुपये आले असते. मुदतीअंती मिळणारा अंतिम अतिरिक्त बोनस यात मी धरलेलाच नाही, कारण त्याची हमी नसते. एक्सेलमध्ये हे एका ओळीत निघतं:

```
=RATE(5,-20000,-559000,1075000,1)
```

उत्तर येतं सुमारे १०.९ टक्के. तेही करमुक्त, कारण ही पॉलिसी १ एप्रिल २००३ च्या आधीची, तिला विमा रकमेच्या प्रमाणात हप्त्याची मर्यादा लागूच नव्हती. वर पाच वर्षं विमा संरक्षण. तेच ५,५९,००० आणि दरसालचे वीस हजार सात टक्क्यांच्या एफडीत टाकले असते, तर पाच वर्षांनी ९,०७,००० च्या आसपास झाले असते, आणि व्याजावर कर भरावा लागला असता. फरक १,६८,००० चा.

पुढचा बोनस कंपनी कमी करेल, ही शंका रास्त आहे. तीही घालून पाहिली. बोनस ४६ वरून ४० वर आला तरी परतावा साडेदहा टक्के पडतो. पुढच्या पाच वर्षांत एक रुपयाही बोनस जाहीर झाला नाही असं धरलं, तर १०,७५,००० च्या जागी ९,६०,००० घाला. तरीही आठ टक्क्यांच्या वर येतं. साडेपाच टक्क्यांची म्हणून जिला टाकाऊ ठरवलं, त्या पॉलिसीचं खरं चित्र हे होतं. आणि हे विमा विकणाऱ्या माणसाला माहीत नसतं असं मी मानायला तयार नाही. जुन्या पॉलिसीच्या नूतनीकरणातून त्याला काही सुटत नाही. नव्या पॉलिसीच्या पहिल्या हप्त्यावरचं कमिशन मात्र पुढच्या वर्षांच्या कितीतरी पट असतं. त्याचं टार्गेट मार्चअखेरीचं होतं.

मार्चची घाई त्याने पुरेपूर वापरली. १ एप्रिल २०२३ पासूनच्या पॉलिसींना वार्षिक हप्ता एकूण पाच लाखांच्या वर गेला तर करमाफी मिळणार नव्हती. नियम खरा होता, पण ताईला त्यातलं "पाच लाखांच्या वर" हे कधी सांगितलंच नाही. "एकतीस तारखेच्या आत टाका, नंतर टॅक्स लागणार," एवढंच. "एकदाच भरायचे, मग पंधरा वर्षांनी घ्यायचे," असं सांगून पाच लाख आणि वर साडेचार टक्के जीएसटी, असे ५,२२,५०० रुपये घेतले. बाँड "लॉकरला ठेवू" म्हणून त्याने स्वतःकडेच ठेवला. कंपनीचा पडताळणीचा फोन येणार होता, त्याआधी बजावून ठेवलं, "मॅडम, सगळ्याला हो म्हणा, नाहीतर फाइल अडकते."

मार्च २०२४ मध्ये पाच लाखांच्या दुसऱ्या हप्त्याचा मेसेज आला तेव्हा उलगडा झाला. पॉलिसी एकरकमी नव्हतीच. दरसाल पाच लाख, दहा वर्षं. ताईला निवृत्तीला पुरती दहा वर्षंही उरलेली नाहीत. आणि त्या पॉलिसीच्या अटींप्रमाणे दोन हप्ते भरल्याशिवाय सरेंडर व्हॅल्यू शून्य. (१ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या पॉलिसींना एका वर्षाच्या हप्त्यानंतरही काहीतरी मिळतं, ताईला तो नियम लागू नव्हता.)

बाँडची प्रत मागवून मी प्रस्तावाचा अर्ज ओळीओळीने वाचला, आणि आमची केस उभी राहिली ती तिथेच. वार्षिक उत्पन्नाच्या रकान्यात २५ लाख लिहिलं होतं. ताईच्या फॉर्म १६ वर त्याच्या निम्मंही नाही. आधीच्या पॉलिसींच्या रकान्यात काहीच नव्हतं, आणि त्याच आठवड्यात सरेंडरचे पैसे खात्यात जमा झाल्याचं पासबुक सांगत होतं. अक्षर ताईचं नव्हतं, सही तेवढी तिची. तोंडी काय सांगितलं होतं ते सिद्ध करणं फार कठीण असतं. अर्जातलं खोटं उत्पन्न कागदावरच दिसतं.

आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार केली. "ग्राहकाने पडताळणीच्या फोनवर मान्यता दिली आहे," असं उत्तर आलं. मग विमा लोकपालांकडे गेलो. तिथे फी नाही, वकील लागत नाही. कंपनीने नकार दिल्यापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं, आणि कंपनीने उत्तरच दिलं नाही तर महिनाभर थांबून जाता येतं. सुनावणीत लोकपालांनी उत्पन्नाचाच मुद्दा धरला. एवढ्या पगाराची बाई दरसाल पाच लाख कुठून भरणार होती, याचं उत्तर कंपनीच्या प्रतिनिधीकडे नव्हतं. भरलेली रक्कम परत करायचा आदेश झाला, व्याज नाही.

जुन्या पॉलिसीचं मात्र काहीच करता आलं नाही. हप्ता थकून बंद पडलेली पॉलिसी ठरावीक मुदतीत पुन्हा चालू करता येते. सरेंडर केलेली येत नाही, कारण करारच संपलेला असतो. तिच्याबद्दल लोकपालांकडे मागण्यासारखंही काही नव्हतं. त्या कंपनीने ताईच्या अर्जाप्रमाणे पैसे दिले होते, तिचा दोष कुठेच नव्हता.

नव्या बाँडची प्रत हातात पडल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते, हे आता सगळ्यांना लागू आहे. पण त्या तीस दिवसांत नव्या पॉलिसीचे पैसे परत येतात, मोडलेली जुनी येत नाही. म्हणून सगळी चौकशी सरेंडरच्या अर्जावर सही करण्याआधीच व्हायला हवी, आणि ती विकणाऱ्याकडे नाही, पॉलिसी जिथली आहे त्या शाखेत. आजची सरेंडर व्हॅल्यू, जमलेला बोनस आणि पेड-अप रक्कम हे तीन आकडे शाखेकडून लेखी घ्या. पैशांचीच नड असेल तर सरेंडर व्हॅल्यूच्या साधारण नव्वद टक्क्यांपर्यंत पॉलिसीवर कर्ज मिळतं का, तेही तिथेच विचारा. घरातल्या कमावत्या माणसाची तब्येत बिघडलेली असेल तर हिशेबाच्या आधी विमा संरक्षण बघा, कारण त्याला नवा टर्म विमा मिळेलच असं नाही.

उत्तर दर वेळी "चालू ठेवा" असंच येतं असं मात्र नाही. ताईच्या शाळेतल्या दोन सहकाऱ्यांच्या मागेही तोच अधिकारी होता. एकाच्या पॉलिसीची चार वर्षं उरली होती. आकडा ताईसारखाच भक्कम आला, त्यांनी पॉलिसी राहू दिली. दुसऱ्या बाईंची पॉलिसी चारच वर्षांची, विमा तीन लाखांचा आणि घरात दोन लहान मुलं. त्यांचा हिशेब ठेवींच्या दराच्या आसपासच येत होता, आणि तीन लाखांच्या संरक्षणावर ते घर चाललं नसतं. त्यांनी आधी पन्नास लाखांचा टर्म विमा घेतला, त्याचा बाँड हातात आल्यावर जुनी पॉलिसी पेड-अप केली. आता हप्ता बंद आहे, पुढचा बोनस मिळणार नाही, पण जमलेला बोनस आणि कापलेली विमा रक्कम मुदतीला पूर्ण मिळेल, सरेंडरचा फॅक्टर न लागता.