आईच्या स्विचबोर्डाशेजारची चिठ्ठी: 8 महिन्यांनंतरचा अनुभव

आई 74 वर्षांची आहे, साताऱ्याला एकटी राहते. वर्षभरात तिच्या मोबाइल चार्जिंगच्या तीन केबल खराब झाल्या, म्हणून मी मोठ्या अक्षरांत एक चिठ्ठी लिहून तिच्या स्विचबोर्डाशेजारी चिकटवली. त्याला आता 8 महिने झाले.

पहिल्या चिठ्ठीत मी 11 सूचना लिहिल्या होत्या. आईने त्या एकदा वाचल्या आणि पुन्हा तिकडे पाहिलंही नाही. दुसरी चिठ्ठी चारच ओळींची केली, ती अजून भिंतीवर आहे:

"आई, फोन चार्जिंगला टेबलावरच ठेव, गादीवर किंवा उशीखाली नको.
काढताना पिनेला धर, वायर ओढू नको.
पिन पूर्ण आत जात नसेल तर जोर लावू नको, मला सांग.
फोन किंवा चार्जर हाताला चटका देण्याइतका तापला, तर भिंतीवरचं बटण बंद कर."

सर्वांत जास्त उपयोग झाला तो दुसऱ्या ओळीचा. आई पलंगावर बसूनच वायर खेचायची. केबल सहसा मधे कुठे तुटत नाही, ती पिनेच्या मानेशी तुटते. तिथे आतल्या बारीक तारा एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकतात आणि एकेक करून तुटत जातात. वरचं आवरण शाबूत असतं, त्यामुळे बाहेरून काही कळत नाही. वायर एका ठरावीक कोनात धरली तरच चार्जिंग सुरू होत असेल किंवा मानेपाशी हाताला गरम लागत असेल, तर बहुतेक ती केबल गेली असं समजावं. आई अशा जागी चिकटपट्टी गुंडाळायची. पट्टीने तुटलेल्या तारा जुळत नाहीत, म्हणून मी जुन्या केबल कात्रीने कापूनच टाकल्या, नाहीतर त्या ड्रॉवरमधून पुन्हा बाहेर आल्या असत्या. आता ती पिन अंगठा आणि तर्जनीत धरून सरळ काढते. दिवाळीनंतर घेतलेली केबल अजून चालू आहे.

तिसऱ्या ओळीचं महत्त्व चौथ्या महिन्यात कळलं. आई म्हणाली, "पिन सैल बसते, खाली डबी ठेवली की चार्ज होतं." मला वाटलं, पुन्हा केबलच गेली. सुट्टीत गेले तेव्हा माझी केबल लावून पाहिली, तीही सैलच. म्हणजे दोष केबलचा नव्हता. टॉर्च मारून फोनच्या चार्जिंगच्या भोकात पाहिलं तर तळाशी करडा थर दिसला. आई फोन कापडी पिशवीत ठेवते. पिशवीचा कापूस आत जातो आणि प्रत्येक वेळी पिन त्याला आणखी आत दाबते. फोन बंद करून प्लास्टिकच्या दातकोरणीने कडेकडेने हलकेच उकरलं, तर नखाएवढा नमद्यासारखा तुकडा निघाला. सी टाइपच्या भोकात मधोमध एक पातळ पट्टी असते, तिला अजिबात धक्का लावायचा नाही, आणि टाचणी किंवा सुई तर मुळीच घालायची नाही. नंतर पिन 'टक्' करून बसली. आईने हे स्वतः करावं असं मला वाटत नाही, म्हणून चिठ्ठीत फक्त "मला सांग" एवढंच आहे.

एक सूचना मात्र मी मागे घेतली. पहिल्या चिठ्ठीत "80 टक्क्यांना काढ" असं लिहिलं होतं. बॅटरी सतत पूर्ण भरलेली आणि गरम राहिली तर लवकर म्हातारी होते, हे खरं आहे. पण आई त्यासाठी रात्री दोनदा उठायला लागली, आणि अंधारात लोंबणाऱ्या वायरीत पाय अडकण्याची भीती बॅटरीपेक्षा कितीतरी मोठी. शिवाय एकट्या माणसाचा फोन भरलेला असलेलाच बरा. भरल्यावर फोन स्वतःच चार्जिंग थांबवतो. म्हणून आता ती रात्रीऐवजी दुपारी, जेवणानंतर टेबलावर लावते. वायर 1 मीटरचीच ठेवली आहे, म्हणजे ती पलंगापर्यंत येतच नाही.

चार्जर घेताना मी स्वतः त्यावरचा बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा शिक्का आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहते. बीआयएस केअर ॲपवर तो क्रमांक टाकून तपासताही येतो.

चौथ्या ओळीची पाळी मे महिन्यात एकदाच आली. चार्जिंगला लावलेला फोन खिडकीतल्या उन्हात राहिला होता. आईने बटण बंद केलं, फोन सावलीत ठेवला, तो निवल्यावर मला फोन केला. मी मागची बाजू पाहायला सांगितली. टेबलावर पालथा ठेवल्यावर फोन डुगडुगत नव्हता, स्क्रीनही कडेने उचललेला नव्हता, म्हणजे बॅटरी फुगलेली नव्हती. तशी असती तर फोन पुन्हा चार्जिंगला न लावता थेट दुरुस्तीला द्यावा लागला असता. मग आईनेच विचारलं, "फोनच बंद ठेवायचा असता, तर मी तुला कळवलं कसं असतं?" त्या प्रश्नाचा मी विचारच केला नव्हता. आता चौथ्या ओळीखाली शेजारच्या काकूंचं नाव आणि माझा नंबर लिहिला आहे.