नळी पोटात आहे का? चार पर्याय, आणि कोणता कधी

फंडामेंटल्सच्या पेपरात राईल्स ट्यूबवर एक तरी प्रश्न येतोच. फीड देण्याआधी नळी जागेवर आहे याची खात्री सिस्टर कशी करतील? खाली चार पर्याय असतात: छातीचा एक्स-रे, नळीतून ओढलेल्या द्रवाचा पीएच, नाकापाशी नळीवर केलेली खूण, आणि सिरिंजने हवा सोडून पोटावर स्टेथोस्कोप. वॉर्डात कधी ना कधी चारही पाहिलेले असतात, म्हणून चारही बरोबर वाटतात. "मॅडम, नक्की कशावर टिक करू?" असं दर बॅचला कोणीतरी विचारतं. मी उलट विचारते, "प्रश्नात नळी केव्हा घातली आहे ते वाचलंस का?"

उत्तर तिथेच दडलेलं असतं. चारांपैकी तीन तपासण्या तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. चौथी काहीच खात्रीचं सांगत नाही. तिच्यापासूनच सुरुवात करू.

हवेचा आवाज

आमच्या काळी हीच पद्धत शिकवली जायची. वीस-तीस मिली हवा झटक्यात सोडायची, वरच्या पोटावर स्टेथोस्कोप ठेवायचा, गुडगुड ऐकू आली की "ट्यूब इन सिटू" असं लिहून मोकळं व्हायचं. अडचण अशी की फुप्फुसाचा खालचा भाग आणि जठर यांच्यामध्ये फक्त डायफ्रामचा पडदा असतो. नळीचं टोक खालच्या ब्रॉन्कसमध्ये असलं तरी हवेचा आवाज पडद्यापलीकडे पोचतो आणि पोटावर छान ऐकू येतो. टोक अन्ननलिकेत अडकलं असलं तरी तोच आवाज. म्हणजे आवाज खरा असतो, पण तो कुठून आला हे कानाला कळत नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय रुग्णसुरक्षा संस्थेने 2005 मध्येच ही पद्धत वापरू नका असा इशारा दिला. नळीचं बाहेरचं टोक पाण्यात बुडवून बुडबुडे बघणं हेही त्याच माळेतलं.

"पेशंटला खोकला आला नाही, म्हणजे नळी श्वासनलिकेत गेली नाही" हा पर्यायही असाच फसवा. स्ट्रोकचा, गुंगीतला किंवा अर्धवट शुद्धीतला पेशंट अनेकदा खोकतच नाही, आणि नळी बहुतेक वेळा अशाच पेशंटला घातलेली असते. खोकला आला, आवाज बसला, ऑक्सिजन उतरला तर नळी लगेच काढायची. यातलं काहीच झालं नाही, यावरून मात्र काही सिद्ध होत नाही.

एक्स-रे आणि पीएच

प्रश्नात "नुकतीच घातलेली", "पहिल्या फीडपूर्वी", "सर्वांत खात्रीशीर" यांपैकी काही दिसलं आणि पर्यायांत एक्स-रे असला, तर पुढे शोधाशोध करू नका. फिल्मवर नळीचा सगळा मार्ग दिसतो. ती मधल्या रेषेतून खाली येते, श्वासनलिका जिथे दुभंगते तो बिंदू ओलांडूनही सरळच राहते, डायफ्राम मध्यरेषेवर पार करते आणि टोक डाव्या डायफ्रामच्या खाली दिसतं. दुभंगण्याच्या जागी ती उजव्या किंवा डाव्या ब्रॉन्कसच्या वाटेने वळली तर ती फुप्फुसात आहे, मग टोक कितीही खाली दिसो.

पण एक्स-रे म्हणजे त्या क्षणाचा फोटो. सकाळी नऊला काढलेली फिल्म दुपारी दोनच्या उलटीनंतर नळी कुठे आहे हे सांगू शकत नाही. प्रत्येक फीडआधी एक्स-रे काढणंही शक्य नाही आणि योग्यही नाही. रोजच्या तपासणीला म्हणून पीएच आणि खूण लागतात.

पीएचचा तर्क सोपा आहे. उपाशी जठरातला द्रव बराच आम्लधर्मी असतो, आतड्यातला आणि श्वसनमार्गातला तसा नसतो. बहुतेक फंडामेंटल्स पुस्तकांत पीएच 5 किंवा त्याहून कमी आला तर नळी जठरात असल्याचं धरतात, ब्रिटिश सूचनांत ही सीमा 5.5 आहे. आकडे असलेली पीएच पट्टीच वापरायची. लिटमस कागद फक्त आम्ल की अल्कली एवढंच सांगतो, त्याचा इथे उपयोग नाही.

आता नीट लक्षात ठेवायची गोष्ट. कमी पीएच हा जठराच्या बाजूने चांगला पुरावा आहे, पण जास्त पीएच म्हणजे नळी फुप्फुसात आहे असा अर्थ होत नाही. 6 किंवा त्यापुढचा आकडा फुप्फुसातून येऊ शकतो, आतड्यातून येऊ शकतो, आणि पॅन्टोप्राझोल चालू असलेल्या पेशंटच्या जठरातूनही येऊ शकतो. फीड नुकतंच झालं असेल तरी पीएच वर जातो, म्हणून फीड किंवा औषधानंतर किमान एक तास थांबून तपासायचं. चोवीस तास सलग फीड चालू असेल तर ही तपासणी आणखी लंगडी पडते. उलट बाजूने, टोक अन्ननलिकेत असेल आणि जठरातलं आम्ल वर आलेलं असेल तर पीएच कमी येऊनही नळी जागेवर नसते. एकट्या पट्टीवर विसंबायचं नाही ते यासाठी.

द्रव येतच नसेल तर लहान सिरिंजने जोर लावू नका. लहान सिरिंजची ओढ जास्त असते, बारीक नळीच्या भिंती आतून चिकटतात. 60 मिलीची सिरिंज घ्या, वीस-तीस मिली हवा सोडून नळीचं तोंड जठराच्या अस्तरापासून मोकळं करा, पेशंटला डाव्या कुशीवर वळवा, पंधरा-वीस मिनिटांनी हळूच ओढा. हवा इथेही सोडतोच, पण ऐकण्यासाठी नाही.

खूण

खूण दिसायला सर्वांत किरकोळ, पण मला ती फार आवडते. एक्स-रेने जागा पक्की झाली की नाकपुडीच्या कडेला नळीवर न पुसणाऱ्या शाईने खूण करायची आणि तिथला सेंटिमीटरचा आकडा चार्टवर लिहायचा. खूण नळी कुठे आहे हे सांगत नाही, हलली की नाही एवढंच सांगते. मुळात नळी चुकीच्या जागी असेल तर खूण वर्षभर जागेवर राहूनही चूकच दाखवेल. आणि खूण जागेवर असताना टोक घशात गुंडाळलेलं असू शकतं, म्हणून जोराच्या उलटीनंतर तोंडात टॉर्च मारून बघायचं.

एकाच पेशंटचे दोन प्रश्न

समजा 68 वर्षांचे गृहस्थ, स्ट्रोक, गिळता येत नाही, पॅन्टोप्राझोल चालू. परवा नळी घातली, एक्स-रेने जागा पक्की झाली, चार्टवर "नाकपुडीशी 58 सेंमी, पीएच 5". सकाळी दहाचं फीड द्यायचं आहे.

पहिल्या प्रश्नात नाकापाशी 58 च आहे, पण पीएच 6 आला. चार्ट बघितला तर औषध नळीतून 40 मिनिटांपूर्वी दिलेलं. इथे "लगेच डॉक्टरांना कळवा" हा पर्याय घाईचा आणि "खूण जागेवर आहे, फीड सुरू करा" हा धोक्याचा. औषधाला एक तास होऊ द्यायचा आणि पुन्हा तपासायचं. पुन्हा 6 च आला तर फीड थांबवून कळवायचं, आणि शंका फिटत नसेल तर एक्स-रे.

दुसऱ्या प्रश्नात पीएच 5, पण नाकाची चिकटपट्टी घामाने सुटलेली आणि कडेला आकडा 49. म्हणजे 9 सेंमी नळी बाहेर आली, टोक बहुधा अन्ननलिकेत सरकलं. पट्टीचा आकडा चांगला, पेशंट शांत, तरी फीड द्यायचं नाही. नळी 58 पर्यंत आत ढकलून पट्टी लावणं हा पर्याय अनेकजण निवडतात, कारण तो नीटनेटका वाटतो. पण ढकललेली नळी पुढे कुठे जाईल हे कोणी पाहिलेलं नसतं. फीड थांबवा, कळवा, नळीची जागा नव्याने पक्की होईपर्यंत नळीतून काहीही देऊ नका, औषधसुद्धा नाही.

नळी बरोबर, तरीही ॲस्पिरेशन

नळी अगदी जागेवर असली तरी पोटातलं फीड वर येऊन श्वासनलिकेत जाऊ शकतं. हा वेगळा धोका आहे आणि त्याचं उत्तर पलंगात आहे. पर्यायांत सपाट पाठीवर, 30 ते 45 अंश, डाव्या कुशीवर सपाट आणि 90 अंश असतील तर 30 ते 45 घ्या. फीड चालू असताना आणि संपल्यावर किमान 30 ते 60 मिनिटं डोकं वर ठेवायचं. मणक्याच्या दुखापतीमुळे कमरेत वाकवता येत नसेल तर डोकं नुसतं उशीने वर करू नका. पूर्ण पलंग डोक्याकडून उंच करा, शरीर सरळच राहील. चादर बदलायला किंवा वळवायला पलंग सपाट करावा लागला तर फीड आधी थांबवा. पंपावर फीड चालू ठेवून पेशंटला सपाट झोपवणं ही नेहमी दिसणारी चूक.

उरलेल्या फीडच्या आकड्यांत जुनी आणि नवी पुस्तकं भांडतात. जुनी 200-250 मिलीला थांबा म्हणतात. अमेरिकेच्या 2016 च्या क्रिटिकल केअर पोषण मार्गदर्शक तत्त्वांनुसार 500 मिलीच्या आत, दुसरी लक्षणं नसतील तर, फीड थांबवायची गरज नाही. प्रश्नात नुसता आकडा न देता पोट फुगलं, मळमळ, उलटी असं काही दिलं असेल, तर त्या लक्षणांवर उत्तर द्या.

फीडमध्ये निळा रंग मिसळून श्वासनलिकेच्या स्रावात तो दिसतो का बघणं, हा पर्याय अजूनही कधीमधी छापलेला दिसतो. अमेरिकेच्या एफडीएने 2003 मध्ये त्याबद्दल सावध केलं होतं, कारण रंग रक्तात शोषला जाऊन त्वचा निळी पडलेले आणि दगावलेले पेशंट नोंदले गेले. तो पर्याय कधीच निवडू नका.

आणि शेवटचा ठरलेला प्रश्न: फीड चालू असताना पेशंट अचानक खोकू लागला, ओठ काळपट झाले, आधी काय कराल? सक्शन, ऑक्सिजन, डॉक्टरांना फोन आणि फीड बंद, चारही खरे आहेत. पण पंप चालू आहे तोवर फुप्फुसात आणखी जातंच आहे, म्हणून पहिला हात पंपाकडे. मग डोकं वर करा, किंवा शुद्ध कमी असेल तर कुशीवर वळवा, सक्शन करा, ऑक्सिजन लावा, मग फोन. पंपाच्या बटणाला दोन सेकंदही लागत नाहीत.