वापरलेल्या गाडीचा तपासणी रिपोर्ट: काही महिने गाडी चालवल्यावर कोणत्या विभागाला किती गुण

जुनी पेट्रोल हॅचबॅक घेण्याआधी पैसे भरून तिची स्वतंत्र तपासणी करून घेतली होती. रिपोर्ट आला तेव्हा वर ठळक अक्षरांत एकूण गुण होते ५ पैकी ४.१. आता गाडी काही महिने रोज चालवल्यावर सांगतो, तो आकडा बघूच नका. आतल्या सीट आणि म्युझिक सिस्टिमला मिळालेले ४.५ त्यात मिसळलेले असतात आणि त्यांनी गाडी चालत नाही.

सगळ्यात कामाचा निघाला बॉडीचा विभाग. माझ्याकडून ५ पैकी ५. प्रत्येक पत्र्यावर रंगाची जाडी मायक्रॉनमध्ये मोजून लिहिली होती. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असतो. या गाडीत सगळीकडे ११०-१२० होते, फक्त पुढच्या डाव्या फेंडरवर २८०. म्हणजे तो पुन्हा रंगवलेला. आकडा ५०० च्या पुढे असता तर खाली पुट्टीचा थर आहे असं धरलं असतं. शेरा मात्र एवढाच: "किरकोळ टचअप".

टायरच्या पानावर गुण ३.५ होते. तिथे टायरच्या बाजूवरचा चार आकडी कोड दिला होता. पहिले दोन आकडे आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. तीन टायरांवर २३१७, म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. पुढच्या डाव्यावर ४१२०. शिवाय त्याच टायरची आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा जास्त झिजलेली. सस्पेन्शनच्या पानावर तिसरी नोंद: डाव्या लोअर आर्मचं, म्हणजे चाकाला चॅसिसशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचं, रबरी बुश फाटलेलं.

तीन वेगवेगळी पानं, तीन वेगवेगळे गुण, आणि तिन्हीकडे तोच कोपरा. हे चाक कुठेतरी जोरात आपटलं असावं, हे रिपोर्ट लिहिणाऱ्याने जोडून सांगितलं नव्हतं. रिपोर्ट वाचताना पानं अशी आडवी लावून बघायची.

मग प्रश्न एवढाच उरतो की मार फेंडरवर थांबला की आत गेला. फेंडर बोल्टने बसवलेला असतो, तो बदलला किंवा रंगवला तरी फारसं बिघडत नाही. त्यामागचा एप्रन, म्हणजे इंजिनच्या बाजूचा वेल्डिंगने जोडलेला आतला पत्रा, आणि चॅसिसचा दांडा वाकला असेल तर सौदा सोडायचा, भाव कितीही कमी होवो. बॉनेट उघडून आम्ही उजवी-डावी बाजू ताडून पाहिली. स्पॉट वेल्डिंगचे गोल ठिपके दोन्हीकडे सारख्या अंतरावर होते आणि सांध्यातला सीलंट कंपनीच्या हाताचा, एकसारखा. फेंडरच्या बोल्टांवरचा रंग मात्र पान्याने उडालेला. म्हणजे फेंडर निघाला होता, आतलं शाबूत होतं. तरी विकणाऱ्याला सांगून पैसे देण्याआधी बुश बदलून व्हील अलाइनमेंट करून घेतली आणि मशिनची प्रिंट मागितली. पुष्कळ गाड्यांत पुढचा कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल, सहज फिरवता येत नाही, त्यामुळे तो एकाच बाजूला मर्यादेबाहेर राहिला तर काहीतरी वाकलेलं आहे. इथे दोन्ही बाजू मर्यादेत आल्या.

घासाघीस कशावर केली? लोअर आर्म आणि अलाइनमेंट पूर्ण विकणाऱ्याच्या खात्यात, कारण तो दोष होता. पुढचे दोन टायर निम्मे-निम्मे: उजवा वयाने गेला होता, डावा त्या बुशमुळे. ब्रेक पॅड ५ मिलिमीटर शिल्लक होते, त्यावर मी तोंडच उघडलं नाही. ३ च्या आसपास असते तर बोललो असतो. आर्म आणि टायरचं वर्कशॉपने लिहून दिलेलं कोटेशन हातात होतं, त्यामुळे "अंदाजे इतके कमी करा" असा वाद झालाच नाही. टायर बदलल्यापासून पुढच्या दोन्ही टायरांची झीज सारखी आहे, म्हणून सस्पेन्शनच्या विभागालाही माझे ४.

इंजिनच्या विभागाला ३. "एकही फॉल्ट कोड नाही" असं लिहिलं होतं, पण खाली बारीक अक्षरांत रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर चालता चालता स्वतःच करतो त्या तपासण्या, अपूर्ण असल्याची नोंद. कोड नुकतेच पुसले किंवा बॅटरी काढली की हे मॉनिटर पुन्हा शून्यापासून सुरू होतात, त्यामुळे कोड नसण्याला तेव्हा काही अर्थ नसतो. गाडी काही दिवस चालवून पुन्हा स्कॅन करायला सांगितलं. तेव्हा मॉनिटर पूर्ण होते आणि कोड नव्हता.

क्लचला १. रिपोर्ट म्हणतो "समाधानकारक, पेडल थोडं वरून उचलतं". हल्ली चढावर पाचव्या गिअरमध्ये आरपीएम चढतो, वेग मात्र तिथेच. तपासनीसाची चक्कर छोटी आणि सपाट रस्त्यावरची होती, त्यात हे कळणं कठीणच. तुम्ही स्वतः मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाला अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून बघा. आरपीएमचा काटा वेगाच्या पुढे पळाला तर क्लच प्लेट गेली. गिअरबॉक्स उतरवावा लागत असल्याने मजुरीच जड पडते, म्हणून "पेडल वरून उचलतं" एवढी ओळ दिसली तरी ही चाचणी झाल्याशिवाय भाव ठरवू नका.