माणसाने लिहिलेला मराठी मजकूर कुठून घ्यावा: आजची वेब, जुनी वेब, छापखाना की ताजं लेखन?

कुडाळ, चिपळूण, अलिबागकडचं एखादं कॉलेज किंवा वाचनालय मराठीतल्या शब्दांच्या वापराची यादी करायला घेतं. शुद्धलेखन तपासायला, कीबोर्डला शब्द सुचवायला किंवा यंत्राची मराठी माणसाच्या मराठीपासून किती दूर आहे ते मोजायला अशी यादी लागते. त्यासाठी दहा लाख शब्दांचा मजकूर हवा आणि तो माणसांनीच लिहिलेला हवा. दहा वर्षांपूर्वी हे काम म्हणजे वेबसाइटवरून मजकूर उतरवून घेणं आणि साफ करणं एवढंच होतं. आता चार वाटा समोर आहेत आणि त्यांतली सर्वांत सोपी वाट सर्वांत कमी भरवशाची झाली आहे. निवड करायची असेल तर एकच प्रश्न धरून ठेवा: हा मजकूर माणसाचा आहे, याचा पुरावा मजकुराच्या बाहेर कुठे आहे?

आजची वेब आधी घेऊ, कारण बहुतेकांचा हात तिकडेच जातो. वर्डफ्रीक नावाचा एक प्रकल्प चाळीसहून जास्त भाषांतल्या शब्दांची वारंवारता मोजत असे. तो चालवणाऱ्या रॉबिन स्पीअर यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलं की यापुढे नवी आकडेवारी येणार नाही, २०२१ पर्यंतचीच राहील. वेबवर यंत्राने लिहिलेला मजकूर इतका मिसळला आहे की २०२१ नंतर माणसं भाषा कशी वापरतात याची खात्रीची माहिती कोणाकडेच नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. शिवाय पूर्वी फुकट मिळणारा संभाषणांचा साठा सोशल मीडिया कंपन्यांनी बंद केला.

यावर लोक म्हणतात, ओळखणारं सॉफ्टवेअर लावू आणि यंत्राचा मजकूर गाळून टाकू. हे गाळणं प्रत्यक्षात काय करतं ते आकड्यांत पाहू. ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये स्वतःचं एक ओळख-साधन आणलं. कंपनीने दिलेल्या आकड्यांप्रमाणे यंत्राने लिहिलेल्या मजकुरातला २६ टक्केच ते बरोबर पकडत होतं आणि माणसाच्या ९ टक्के मजकुरावर चुकीचा शिक्का मारत होतं. समजा तुमच्याकडे हजार पानं आहेत, निम्मी माणसाची आणि निम्मी यंत्राची. यंत्राच्या ५०० पैकी १३० पकडली जातात, ३७० सुटतात. माणसाच्या ५०० पैकी ४५ फुकट बाद होतात. गाळून उरलेल्या ८२५ पानांत यंत्राची ३७०, म्हणजे जवळजवळ ४५ टक्के. एवढा खटाटोप करून पन्नासाचे पंचेचाळीस झाले. हे साधन जुलै २०२३ मध्ये कमी अचूकतेमुळे मागे घेतलं गेलं, आणि ते मुख्यतः इंग्रजीसाठीच होतं. त्यानंतर आलेली साधनं जास्त पकडतील, पण मराठीवर ती किती पकडतात आणि किती चुकतात हे तपासायलाही आधी खात्रीचा मानवी मजकूर लागतोच, आणि आपण तोच शोधत आहोत.

बाद होणारी ती ४५ पानं मला जास्त टोचतात. अशी साधनं सरधोपट, साचेबद्ध लिहिणाऱ्यांवर जास्त संशय घेतात. परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकलेल्यांच्या निबंधांवर त्यांनी मोठ्या प्रमाणात खोटे शिक्के मारल्याचं २०२३ च्या एका अभ्यासात दिसलं होतं. आपल्याकडे ग्रामपंचायतीचं निवेदन, सोसायटीचा अहवाल, शाळेच्या स्नेहसंमेलनाची बातमी याच साच्यात लिहिली जाते. ती गाळली की उरलेला संग्रह एकाच बाजूला कलतो, आणि हे कुठल्याही आकड्यात दिसत नाही.

दुसरी वाट जुन्या वेबची. वेबॅक मशीन किंवा कॉमन क्रॉल यांनी पानांच्या प्रती वेळोवेळी साठवून ठेवल्या आहेत. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी लोकांसाठी खुलं झालं, म्हणून त्याआधी साठवलेलीच प्रत घ्यायची, असा नियम अनेकजण लावतात. इथे पानावर छापलेली तारीख आणि प्रत साठवल्याची तारीख यांत फरक करायलाच हवा. देवबागविषयीचं एक पर्यटन पान मी असंच तपासलं. आज त्यावर २०१८ ची तारीख आहे आणि मजकूर लांबलचक. सुरुवात अशी: ‘देवबाग हे कोकणातील एक निसर्गरम्य ठिकाण असून ते पर्यटकांना मंत्रमुग्ध करते.’ त्याच पत्त्याची जुनी प्रत काढली तर दोनच परिच्छेद निघाले. ओहोटीला वाळूतून संगमाकडे कसं जायचं, भरती लागायच्या आत का परतायचं आणि मेअखेर होड्या बंद झाल्यावर काय, एवढंच त्यात होतं. तारीख तीच ठेवून मजकूर बदलला होता. नवा मजकूर यंत्राचा असल्याचं मी शपथेवर सांगू शकत नाही, पर्यटनाची पत्रकं माणसंही कित्येक वर्षं अशीच लिहीत आली आहेत. पण जुनी प्रत त्या आधीची आहे हे नक्की सांगता येतं. तपासायची पद्धत अशी: example.com च्या जागी हवी ती साइट घालून वेबॅक मशीनचा हा पत्ता ब्राउझरमध्ये उघडायचा.

```
https://web.archive.org/cdx/search/cdx?url=example.com/mr/*&to=20221129&fl=timestamp,original,digest
```

पहिल्या रकान्यात प्रत घेतल्याची वेळ येते, शेवटच्यात मजकुराचा ठसा. त्याच पत्त्यापुढचा ठसा बदलला की पानात काहीतरी बदललं. नुसती जाहिरात बदलली तरी ठसा बदलतो, म्हणून बदललेली प्रत उघडून वाचावी लागते.

पण मराठीसाठी २०२२ ही सीमा पुरेशी नाही, आणि परभाषेतल्या मार्गदर्शिका वाचून काम सुरू करणारे इथेच फसतात. गूगल ट्रान्सलेटमध्ये मराठी २०१३ मध्ये आली आणि २०१७ मध्ये तिचं भाषांतर न्यूरल पद्धतीने होऊ लागलं. तेव्हापासून एकच लेख वीस-तीस भाषांत ओतणाऱ्या साइटी मराठी पानं तयार करत आहेत. कमी मजकूर असलेल्या भाषांच्या वेबचा मोठा भाग असा यांत्रिक भाषांतराचा असतो, हे २०२४ च्या एका संशोधनाने दाखवलं. त्याची खूणही तिथे दिली होती: एकच वाक्य जितक्या जास्त भाषांत सापडतं, तितकं ते यंत्राने भाषांतरित केलेलं असण्याची शक्यता जास्त. घरच्या घरी ही खूण तपासता येते. पानाचा सोर्स उघडा आणि `hreflang` शोधा, तेच पान आणखी कोणत्या भाषांत आहे ते तिथे लिहिलेलं असतं. त्यापुढे `mr` सोबत `sw`, `fi`, `vi` अशी लांब रांग असेल तर ते पान सरळ सोडून द्या. मराठी आणि इंग्रजी एवढंच असेल तर वाचून ठरवा, कारण आपल्या सरकारी आणि संस्थांच्या साइटी दोन भाषांत असतातच. एवढं केल्यावर जुन्या वेबमधून मिळणारा मजकूर चांगला असतो, विशेषतः बोलीकडे झुकणारं, घाईघाईत लिहिलेलं मराठी, जे छापील अंकात येत नाही.

तिसरी वाट छापलेल्या मजकुराची, आणि मोठ्या संग्रहासाठी माझा कौल तिलाच आहे. अंकावर महिना-वर्ष छापलेलं असतं, तो वाचनालयाच्या नोंदवहीत चढलेला असतो आणि नंतर कोणी त्यात वाक्य घालू शकत नाही. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ पासूनचं आहे, आणि किनाऱ्यावरच्या लहान वाचनालयांतही जुने दिवाळी अंक बांधून ठेवलेले मिळतात. पानाला तीनशे शब्द धरले तर दीडशे पानांच्या अंकातून जाहिराती वजा जाता चाळीस हजार शब्द निघतात, म्हणजे दहा लाखांसाठी निदान पंचवीसेक अंक. पण सगळा अंक घेऊ नका, जास्त अंकांतून थोडं थोडं घ्या. अमेरिकेतला ब्राउन संग्रह आणि त्याच धर्तीवर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात १९७८ च्या भारतीय इंग्रजी छापील मजकुरातून केलेला संग्रह, दोन्हींत ५०० मजकुरांतून सुमारे दोन-दोन हजार शब्द घेतले आहेत. त्यामुळे एका लेखकाची लकब संग्रहावर बसत नाही.

खरी मेहनत पान अक्षरांत उतरवण्यात आहे. ३०० डीपीआयला स्कॅन करून टेसरॅक्ट या अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला द्यायचं:

```
tesseract paan.png paan -l mar
```

घ-ध, भ-म, थ-य यांची अदलाबदल होते, अनुस्वार गळतात, ‘ऱ्या’तला र बिघडतो. दमट हवेत डाग पडलेल्या कागदावर हे जास्त होतं. या चुका कटकटीच्या असल्या तरी प्रामाणिक असतात: शब्द मोडलेला दिसतो आणि दुरुस्त करता येतो. नवी एआय साधनं पान वाचून स्वच्छ मजकूर देतात, त्याची मला जास्त भीती वाटते. न कळलेल्या जागी ती शक्य वाटणारा शब्द बसवतात. संवादात ‘इलंय’ छापलेलं असेल आणि त्याचं ‘आलो’ झालं, तर मुद्रितशोधकालाही शंका येत नाही आणि यंत्राची मराठी मागच्या दाराने संग्रहात शिरते. अशी साधनं वापरलीच तर प्रत्येक पान मूळ प्रतिमेशी शब्दाला शब्द लावून पाहावं लागतं, मग वेळ वाचत नाही.

याला एक उत्तम पर्याय आहे आणि तो झपाट्याने नाहीसा होतो आहे. तालुक्याच्या छापखान्यांकडे जुन्या डीटीपी फाइली असतात, बहुतेक श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या. त्या उघडल्या की रोमन चिन्हांचा गोंधळ दिसतो, पण योग्य फॉन्टचा कन्व्हर्टर लावला की स्कॅन न करता मजकूर मिळतो. फाइलची तारीख डिस्क बदलताना बदललेली असू शकते, म्हणून छापील अंक शेजारी ठेवून दोन-चार पानं ताडून घ्या. परवानगीही तिथेच विचारा. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क राहतो, तेव्हा हा मजकूर बहुतेक हक्काखालीच असतो. परवानगी मिळाली नाही तर पुढे काय प्रकाशित करता येईल, हे जाणकाराला विचारूनच ठरवा.

छापील संग्रहाची मर्यादा उघड आहे. तो जुना असतो. गेल्या दोन-तीन वर्षांत रुळलेले शब्द त्यात नाहीत. त्यासाठी चौथी वाट, म्हणजे लोकांकडून नवं लिहून घेणं. शब्दाला अमुक पैसे देऊन घरून मागवलेला मजकूर मात्र विकत घेऊ नका. २०२३ मध्ये ऑनलाइन मोबदल्यावर काम करणाऱ्यांना सारांश लिहायला दिले, तेव्हा ३३ ते ४६ टक्के जणांनी यंत्राची मदत घेतल्याचा संशोधकांचा अंदाज निघाला. हाताने लिहून मागवलं तरी फोनवरून उतरवता येतंच. समोर बसवून, फोन बाजूला ठेवून तासाभरात लिहून घेतलेलं चालतं. त्याहून चांगलं म्हणजे बोलणं ध्वनिमुद्रित करून माणसाने लिहून काढणं. मालवणीसाठी, आगरीसाठी तर दुसरा चांगला मार्ग मला दिसत नाही. एका तासाचं बोलणं लिहून काढायला सहज पाच-सहा तास जातात, म्हणून यातून वर्षाला थोडेच शब्द मिळतील असं धरा.

वर्षभराचा वेळ आणि दोन-तीन माणसं असतील तर मी असं वाटेन: सात-आठ लाख शब्द २०१३ च्या आधीच्या अंकांतून आणि डीटीपी फाइलींतून, उरलेले बहुतेक साठवलेल्या जुन्या वेबमधून, आणि दरवर्षी थोडं समोर बसून मिळवलेलं बोलणं वेगळ्या कप्प्यात. प्रत्येक तुकड्यासोबत तो कुठून आला, कोणत्या तारखेची प्रत आहे, तारखेचा पुरावा काय आणि अक्षरांत कोणी, कशाने उतरवला, हे चार रकाने भरा. ज्याचा तिसरा रकाना रिकामा राहील तो तुकडा संग्रहाबाहेर ठेवा, मराठी कितीही छान असली तरी.