पीपीईच्या स्लाइड: वस्तूनिहाय लावाव्यात की कामनिहाय?

कामगारांना सुरक्षा साधनांवर वीस मिनिटं बोलायचं, चित्रं मोठी ठेवायची आणि मजकूर जवळपास नको, एवढं ठरलं की पुढचा प्रश्न स्लाइडच्या क्रमाचा. एक रीत वस्तूनिहाय: हेल्मेट, गॉगल, इअर प्लग, हातमोजे, बूट, प्रत्येकाला एकेक स्लाइड. दुसरी कामनिहाय: ग्राइंडिंग, ड्रिलिंग, वेल्डिंग, माल उतरवणं, आणि त्या त्या कामावरचा माणूस डोक्यापासून पायापर्यंत. मी दोन्ही वापरल्या आहेत. पहिली बरीच वर्षं, दुसरी अलीकडे.

वस्तूनिहाय मांडणीची बाजू लंगडी मुळीच नाही. ती एका दुपारी तयार होते, सहा-सात स्लाइडमध्ये संपते, आणि सगळ्या विभागांना तीच चालते. साधन नीट कसं घालायचं हे दाखवायला तर तिच्यासारखी जागा नाही. फोमचा इअर प्लगच घ्या. तीन फोटो पुरतात: बोटांत वळून बारीक केलेला प्लग, डोक्यावरून पलीकडचा हात नेऊन वर आणि मागे ओढलेला कान, आणि प्लग फुगेपर्यंत, म्हणजे साधारण अर्धा मिनिट, टोकावर धरलेलं बोट. चौथा फोटो समोरून चेहऱ्याचा. समोरून प्लगचं बूड कानाबाहेर डोकावताना दिसलं तर तो आत गेलेलाच नाही. कामनिहाय मांडणीत हे कुठे बसवायचं, याचं सुटसुटीत उत्तर आजही माझ्याकडे नाही. मी ते शेवटी वेगळं जोडतो आणि ते जोडल्यासारखंच दिसतं.

तरीही मी पहिली रीत सोडली. कारण एकच, हातमोज्यांची स्लाइड.

स्लाइड चांगली होती, असं अजूनही वाटतं. पडदाभर दोन हात, त्यांत मोजे, कोपऱ्यात निळं गोल चिन्ह, खाली तीन शब्द: ‘हातमोजे नेहमी घाला’. ब्रीफिंगनंतर दोन-तीन दिवसांनी सुपरवायझरने मला पिलर ड्रिलपाशी बोलावलं. एक हेल्पर सुती मोजे घालून भोकं पाडत होता. उजव्या मोज्याच्या अंगठ्यापाशी शिवण उसवून धागा लोंबत होता आणि ड्रिलच्या टोकापासून वीतभर अंतरावर हलत होता. मशीन बंद करायला लावल्यावर तो गोंधळून म्हणाला, “साहेब, तुम्हीच दाखवलं होतं की परवा.”

त्याचं बरोबर होतं. फिरत्या स्पिंडलजवळ हातमोजा हे संरक्षण नसतं, धोका असतो. कापडाचा एक धागा किंवा टोक ड्रिलमध्ये अडकलं की ते गुंडाळलं जातं आणि बोटं सोडवायच्या आत हात ओढला जातो. उघड्या हाताला चिप लागून ओरखडा येईल. मोजा घातलेल्या हाताला त्याहून फार वाईट होऊ शकतं. हे मला माहीत होतं, सुपरवायझरला माहीत होतं, आणि बोलताना मी म्हणालोही असेन. स्लाइडवर मात्र नव्हतं.

मग मी ती दुरुस्त करायला बसलो. आधी खाली बारीक अक्षरांत ‘ड्रिल, लेथवर नको’ लिहिलं. पुढच्या शिफ्टला मुद्दाम मागच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. तिथून ती ओळ म्हणजे राखाडी पट्टी होती. मग कोपऱ्यात लाल फुलीचं छोटं चित्र टाकलं. आता स्लाइड एकाच वेळी घाला आणि घालू नका म्हणू लागली, आणि लोक एकमेकांकडे बघू लागले. तेव्हा जाणवलं की चित्राला ‘पण’ म्हणता येत नाही. मजकुराला येतं, पण मजकूर तर आपणच काढून टाकलाय. अपवाद दाखवायचा तर चित्रात जागा हवी, ती कुठली मशीन हे दिसायला हवं. वस्तूच्या स्लाइडवर मशीनच नसते.

कामनिहाय मांडणीत हाच मुद्दा आपसूक सुटतो. ड्रिलिंगच्या माझ्या आत्ताच्या चार स्लाइड अशा आहेत. पहिलीवर आपल्याच शॉपमधली ड्रिल मशीन, पडदाभर, एकही शब्द नाही; आपली मशीन ओळखली की माणसं पुढे सरकून बसतात. दुसरीवर प्लेट उचलणारे हात, मोज्यांसकट, कारण प्लेटच्या कडा धारदार असतात. शब्द: ‘उचलताना मोजे’. तिसरीवर तोच माणूस मशीनसमोर: गॉगल लावलेला, बाह्या घट्ट, जॉब व्हाइसमध्ये, हात उघडे, मोजे बाजूला टेबलावर काढून ठेवलेले. कोपऱ्यात हातमोजे घालू नका हे लाल गोलातलं आडव्या पट्टीचं चिन्ह, आयएसओ 7010 मधलं P028, आणि शब्द: ‘सुरू करण्याआधी मोजे काढा’. चौथीवर थांबलेला स्पिंडल आणि चिप झाडणारा ब्रश. मोजे दुसरीत आहेत, तिसरीत नाहीत, आणि कुणी विचारत नाही का, कारण दिसतं.

चुकीचा फोटो काढायचा मोह होतो, म्हणजे मोजा घातलेला हात ड्रिलपाशी. मी तो ठेवत नाही. फुली विसरली जाते आणि फोटो लक्षात राहतो असा माझा अनुभव आहे. काढायचाच असेल तर मशीनची वीज तोडूनच.

ग्राइंडिंगवरही फरक पडला. वस्तूनिहाय संचात गॉगल आणि फेस शील्ड अशा दोन स्लाइड होत्या, आणि लोक त्यातलं एक निवडायचे. आता एकाच चेहऱ्यावर दोन्ही दिसतात: आत गॉगल, वर शील्ड. शील्ड खालून उघडं असतं, आणि बघायला ते वर सरकवलं की डोळा मोकळा पडतो. हे सांगायला एक क्लोजअप पुरला.

या मांडणीचा त्रास खरा आहे. फोटोंसाठी मला दोन दिवस शॉपमध्ये फिरावं लागलं, आणि मशीन हलली किंवा बदलली की फोटो खोटा ठरतो. मेंटेनन्सचा फिटर दिवसात पाच ठिकाणी जातो. त्याला ‘त्याचं’ काम दाखवायचं तर सगळाच संच दाखवावा लागतो. पहिल्याच दिवशी स्टोअरमधून किट घेऊन आलेल्या, अजून कुठल्याच मशीनवर न लागलेल्या माणसाला वस्तूनिहाय संच मीही दाखवतो. हातातली वस्तू आणि पडद्यावरची वस्तू एकच असते, तेव्हा तो चालतो. फक्त त्यातल्या हातमोज्यांच्या स्लाइडवरून ‘नेहमी’ हा शब्द मी काढलाय.

तुमच्याकडे फिरती मशीनच नसेल, नुसतं पॅकिंग आणि चढउतार असेल, तर कदाचित हा सगळा खटाटोप नकोच. पण शॉपमध्ये एक जरी ड्रिल किंवा लेथ असेल, तर निदान त्या मशीनच्या चार स्लाइड वेगळ्या करा आणि त्या त्या मशीनपाशी उभं राहूनच दाखवा. तो हेल्पर आता तिसरी स्लाइड आली की माझ्याआधी बोलतो, आणि मी बोलू देतो.